मेथड्सचा भाग स्वतः लिहिलाय, तरी रिपोर्ट म्हणतो ‘एआय’: कारण कसं शोधायचं आणि उत्तर काय द्यायचं

तक्रार साधारण अशी असते. पेपर किंवा प्रबंध सगळा स्वतः लिहिलेला. मशीनने लिहिलेला मजकूर ओळखणारा डिटेक्टर प्रस्तावना आणि चर्चा गुपचूप सोडून देतो, पण ‘मटेरियल्स अँड मेथड्स’ मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत रंगवून देतो. वाक्यं फिरवून पुन्हा टाकलं तरी तेच, आणि पुढच्या पेपरलाही तेच. पाककृती लिहिणाऱ्यांची आणि वापराच्या अटी तयार करून देणाऱ्यांचीही रड हीच आहे. तिघांचं दुखणं एकाच मुळाचं असल्यामुळे इथे मेथड्स धरून सविस्तर लिहितो. बाकी दोघांकडे शेवटी येतो, कारण त्यांच्याकडे थोडा फरक आहे.

आधी आकडा कशाचा आहे ते बघा

निम्मा गोंधळ इथेच होतो. समजा पेपर 6,000 शब्दांचा आहे. त्यातले तक्ते, संदर्भसूची, आकृत्यांखालच्या ओळी वगळून डिटेक्टरने 5,000 शब्द तपासायला घेतले. मेथड्सचा भाग 1,700 शब्दांचा, आणि तो सगळा रंगवला गेला. रिपोर्टवर आकडा येतो 34 टक्के. समितीतले लोक तो वाचतात असा: ‘हे मशीनने लिहिलं असण्याची शक्यता 34 टक्के’. प्रत्यक्षात तो सांगतो की तपासलेल्या मजकुरापैकी 34 टक्के भागावर डिटेक्टरने बोट ठेवलंय. टर्निटिनचा आकडा या दुसऱ्या प्रकारचा असतो. काही साधनं मात्र खरोखर शक्यतेचा आकडा देतात. तुमच्या हातातला रिपोर्ट कोणत्या जातीचा आहे हे कळल्याशिवाय वाद घालायला जाऊ नका.

मग रंगवलेला भाग नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते पाहा. तो विभागाच्या शीर्षकापाशी सुरू होऊन पुढच्या शीर्षकापाशी संपत असेल, तर ती मोठी खूण आहे. मशीनकडून लिहून घेणारा माणूस सहसा प्रस्तावना लिहून घेतो, चर्चा लिहून घेतो. बफरचं प्रमाण आणि सेंट्रिफ्यूजचा वेग तेवढा मशीनला विचारून बाकी सगळं स्वतः लिहिणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

टर्निटिन वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. 1 ते 19 टक्क्यांमधला निकाल हे साधन आकड्यात दाखवत नाही, नुसती तारका दाखवतं, कारण त्या पट्ट्यात चुकीचा ठपका बसण्याचं प्रमाण जास्त आहे असं कंपनी स्वतःच सांगते. तारका आली म्हणून तुम्हाला कोणी नोटीस देत असेल, तर तिथेच थांबवा.

असं होतं का

डिटेक्टर लेखकाला ओळखत नाही. मूळ पद्धतीत तो एवढंच मोजतो की पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो. भाषेचं मॉडेल प्रत्येक शब्दाला, आधीचे शब्द पाहून, एक शक्यता देतं. त्या शक्यतांची गुणोत्तरी सरासरी काढायची आणि ती उलटी करायची, की मिळते पर्प्लेक्सिटी. ती कमी म्हणजे मजकूर अपेक्षित, आणि अपेक्षित म्हणजे मशीनचा, असा हा सरळ हिशोब. जोडीला वाक्यावाक्यांत चढउतार किती आहे तेही पाहतात. बरीच साधनं आता नुसत्या पर्प्लेक्सिटीवर चालत नाहीत, नमुन्यांवर शिकवलेली असतात. पण साचेबद्ध मजकुरापाशी त्यांचीही गाडी याच खड्ड्यात अडकते.

दहा शब्दांचं एक वाक्य घेऊ. ‘पी मूल्य 0.05 पेक्षा कमी असल्यास फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय मानला’ या धर्तीचं. त्यातले आठ शब्द इतके ठरलेले आहेत की मॉडेल प्रत्येकाला 0.8 शक्यता देतं, आणि दोन शब्द अनपेक्षित, 0.05 चे, असं समजा. पर्प्लेक्सिटी येते सुमारे 2.2. आता चर्चेतलं एक मोकळं वाक्य घ्या. त्यात चार शब्द 0.3 चे आणि सहा शब्द 0.02 चे. पर्प्लेक्सिटी येते जवळजवळ 17. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची, एकाच दिवशी लिहिलेली असू शकतात.

या गणितात एक गोष्ट लपलेली आहे. मेथड्समध्ये जे खरोखर तुमचं असतं ते त्या दोन अनपेक्षित शब्दांत असतं: 4 अंश तापमान, 12,000 जी, 20 मिनिटं, अमुक लॉटचं अभिकर्मक. बाकीचे आठ शब्द सगळ्या क्षेत्राचे आहेत. सरासरी काढली की तुमचे दोन त्या आठांखाली दबतात.

आणि ते आठ ठरलेले का असतात? कारण तसेच असायला हवेत. दुसऱ्याला प्रयोग पुन्हा करता यावा यासाठी मेथड्स लिहायचे. एका परिच्छेदात ‘सेंट्रिफ्यूज केलं’ आणि पुढच्यात ‘फिरवून वेगळं केलं’ असं लिहिलंत, तर जाणकार वाचक विचारणार की या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत का. शब्दांची पुनरुक्ती हा निबंधात दोष असेल, इथे तोच नियम आहे.

हे डिटेक्टर बनवणाऱ्यांना माहीत नाही असं नाही. ओपनएआयने जानेवारी 2023 मध्ये स्वतःचा डिटेक्टर काढला, तेव्हाच सांगितलं होतं की अतिशय अपेक्षित मजकुरावर निकाल भरवशाचा नसतो. पहिल्या हजार मूळ संख्यांची यादी माणसाने लिहिली की मशीनने, हे कसं ओळखणार, असं उदाहरणही दिलं होतं. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत त्या साधनाने मशीनच्या मजकुरापैकी 26 टक्केच पकडला, आणि माणसांच्या मजकुरापैकी 9 टक्क्यांवर चुकीचा ठपका ठेवला. जुलै 2023 मध्ये अचूकता कमी म्हणून ते बंद केलं. मूळ संख्यांच्या यादीला जे लागू, ते थोड्या कमी प्रमाणात मेथड्सला लागू.

स्वतः पाहायचं असेल तर घरच्या संगणकावर पाहता येतं. हा तुकडा जीपीटी-2 वापरून इंग्रजी मजकुराची पर्प्लेक्सिटी काढतो:

```python
import torch
from transformers import GPT2LMHeadModel, GPT2TokenizerFast

tok = GPT2TokenizerFast.from_pretrained("gpt2")
model = GPT2LMHeadModel.from_pretrained("gpt2").eval()

def ppl(text):
    ids = tok(text, return_tensors="pt").input_ids[:, :1024]
    with torch.no_grad():
        loss = model(ids, labels=ids).loss
    return torch.exp(loss).item()

for name in ["methods.txt", "discussion.txt"]:
    print(name, round(ppl(open(name, encoding="utf-8").read()), 1))
```

दोन्ही फाइलींत साधारण सारख्या लांबीचा मजकूर ठेवा, कारण लांब मजकुराला आधीचा संदर्भ जास्त मिळतो आणि आकडा आपोआप उतरतो. आलेला आकडा कोणत्याही डिटेक्टरच्या टक्क्यांशी जुळवायला जाऊ नका. तुमच्याच दोन विभागांत केवढं अंतर आहे, एवढंच त्यातून घ्यायचं. आणि मराठी मजकूर यात घालू नका. जीपीटी-2 देवनागरीचं एकेक अक्षर बाइटांच्या तुकड्यांत फोडतं. त्यातले सुरुवातीचे बाइट जवळपास तेच ते असल्याने ते सहज ओळखता येतात, आणि उत्कृष्ट मराठी गद्याचाही आकडा खोटा खोटा खाली येतो.

दोष मजकुराचा की साच्याचा: कंट्रोल लावा

प्रयोग करणाऱ्यांना हे सांगायला नको, तरी आपल्यावर वेळ आली की नेमकं हेच विसरलं जातं. ‘मी लिहिलंय, शपथ’ याला वजन नाही. ‘जे मशीनने लिहिणं शक्यच नव्हतं, तेही या साधनावर रंगतं’ याला आहे. चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं 30 नोव्हेंबर 2022 ला. त्याआधीचे, त्याच विषयातले, त्याच तंत्राचे चार-पाच मेथड्स विभाग गोळा करा, तुमच्याइतक्याच लांबीचे तुकडे करा आणि त्याच साधनावर, त्याच सेटिंगवर चालवा.

इथे एक फट आहे आणि हुशार परीक्षक ती दाखवणारच. प्रसिद्ध झालेला जुना पेपर मॉडेलने शिकताना वाचलेला असू शकतो. वाचलेला मजकूर त्याला पाठ असतो, म्हणून त्याची पर्प्लेक्सिटी वाजवीपेक्षा कमी येते. अमेरिकेच्या राज्यघटनेवर डिटेक्टरांनी ‘एआय’चा शिक्का मारला, तो याच कारणाने. तेव्हा गाजलेला पेपर कंट्रोल म्हणून घेतलात, तर ‘हा पाठ असल्यामुळे रंगला’ असं उत्तर मिळेल, आणि ते बरोबर असेल. त्यापेक्षा इंटरनेटवर कधीच न गेलेला मजकूर शोधा: तुमच्याच प्रयोगशाळेतले ग्रंथालयात छापील पडलेले जुने प्रबंध, 2022 आधीचे प्रोटोकॉल, तुमचाच एखादा जुना अहवाल. तेही रंगले, तर पाठांतराची शंका उरत नाही.

उलट कंट्रोलही लावा. त्याच काळात लिहिलेली तुमची चर्चा सलग रंगविना आली असेल, तर तीही जोडा. लिहिणारा माणूस तोच, मशीनकडे जायची सोयही तीच, फरक फक्त लेखनप्रकाराचा.

मजकूर कुठे चालवताय याकडे मात्र लक्ष ठेवा. अप्रकाशित प्रबंध कुठल्याही फुकट साधनात चिकटवू नका. आणि संस्थेच्या यंत्रणेत चाचणीसाठी टाकायचा असेल, तर तो साठ्यात जमा होणार नाही असं सेटिंग आहे ना, हे ग्रंथपालांना विचारून घ्या. नाहीतर अंतिम प्रत दिल्यावर सिमिलॅरिटीत तुमचाच मजकूर तुमच्याशी जुळल्याचं दिसेल.

कंट्रोल रंगलेच नाहीत आणि फक्त तुमचाच विभाग रंगला, असंही होऊ शकतं. तेव्हा साच्यावर ढकलून मोकळं होता येणार नाही. सहलेखकाने त्याचा भाग कुठून आणला ते विचारा. मजकूर मराठीत लिहून मशीनकडून इंग्रजी करून घेतला होता का? व्याकरणाच्या साधनाने वाक्यंच्या वाक्यं बदलून दिली होती का? तसं असेल तर शब्दरचना खरंच मशीनची आहे, डिटेक्टर चुकलेला नाही, आणि तेवढं जाहीर करणं हाच मार्ग आहे. प्रयोग तुमचा असल्याने त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र संस्थेचा नियम काय सांगतो ते आधी वाचा.

वाक्यं फिरवून देणारं साधन वापरू नका

सर्वांत जास्त नुकसान या उपायाने होतं, आणि लोक पहिल्यांदा नेमके तिकडेच धावतात. बहुतेकदा सुरुवात सिमिलॅरिटीपासून होते. प्रयोगशाळेच्या जुन्या पेपरमधली कृती तशीच घेतली म्हणून जुळणी वाढते. ती उतरवायला मजकूर फिरवणाऱ्या साधनातून काढला जातो. मग एआयचा आकडा वाढतो. तो उतरवायला ‘माणसासारखं करून देणारं’ दुसरं साधन. या फेऱ्यांत मजकुराचा अर्थच सुटतो.

2021 मध्ये कबानाक, लाबे आणि मागाझिनोव या संशोधकांनी प्रसिद्ध झालेल्या पेपरांतून असे विकृत शब्दप्रयोग गोळा केले. ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं झालं होतं ‘बुझम पेरिल’, आणि ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’. असे प्रयोग शोधणारी तपासणी आता चालू असते, आणि त्यात सापडलेले पेपर मागे घेतले गेले आहेत. डिटेक्टरच्या चुकीच्या ठपक्यातून सुटका होऊ शकते. तुमच्या नावावर असा शब्दप्रयोग एकदा छापला गेला की तो कायमचा.

सिमिलॅरिटीचा प्रश्न वेगळा सोडवा. कृती जुन्या पेपरप्रमाणेच असेल, तर त्या पेपरचा संदर्भ द्या, ‘पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे’ म्हणा आणि तुम्ही केलेले बदल पूर्ण लिहा.

एक दुरुस्ती मात्र मी नेहमी सुचवतो, कारण ती डिटेक्टर नसता तरी करायला हवी होती. बरेच मेथड्स विभाग नुसते काय केलं ते सांगतात, का केलं ते सांगत नाहीत. ‘नमुने 10 मिनिटं सेंट्रिफ्यूज केले’ याऐवजी ‘10 मिनिटांत गाळ नीट बसत नव्हता, म्हणून वेळ 20 मिनिटं केली’ असं लिहा. मूळ प्रोटोकॉलपासून कुठे हटलात, कोणते नमुने का वगळले, उपकरण मध्येच बदललं का, हे सगळं तुमच्या वहीत आहेच. ते आलं की विभाग वाचणाऱ्याच्या कामाचा होतो. आकडा उतरला तर उतरला. तो उतरवायला म्हणून काही खोटं घालू नका.

पुरावा आणि पत्र

मेथड्सच्या बाबतीत तुमची बाजू निबंध लिहिणाऱ्यापेक्षा भक्कम असते, कारण प्रत्येक आकड्यामागे कागद असतो. छापील प्रतीवर समासात, प्रत्येक उपविभागापुढे प्रयोगवहीचं पान आणि तारीख लिहा. उपकरणातून निघालेल्या मूळ फाइली त्यांच्या तारखांसह जोडा. मसुद्यांसाठी गूगल डॉक्समध्ये `File > Version history`, वर्डमध्ये फाइल क्लाउडवर असेल तर `File > Info > Version History`. लाटेकमध्ये लिहून गिटमध्ये ठेवणाऱ्यांना एक ओळ पुरते:

```
git log --follow -p --date=iso -- methods.tex
```

एक सावधगिरी. दुसरीकडे लिहून अंतिम फाइलमध्ये एकदम चिकटवलं असेल, तर इतिहासात तो परिच्छेद एका क्षणात उगवलेला दिसतो, आणि ते तुमच्या विरुद्ध जातं. अशा वेळी मूळ फाइल पुढे करा.

पत्र लहान ठेवा. मार्गदर्शकांमार्फत जाणार असेल तर त्यांना आधी कंट्रोलचे निकाल दाखवा, म्हणजे ते तुमच्या बाजूने बोलताना चाचपडणार नाहीत. मजकूर साधारण असा:

‘आदरणीय समिती सदस्य, अहवालात दर्शवलेला संपूर्ण भाग विभाग 2 मधील आहे. इतर विभागांत एकही वाक्य दर्शवलेलं नाही. याच प्रयोगशाळेतील 2022 पूर्वीच्या अप्रकाशित प्रबंधांतील मेथड्स विभाग याच साधनावर तपासले असता तेही दर्शवले गेले. निकाल सोबत जोडले आहेत. विभाग 2 मधील प्रत्येक कृतीची प्रयोगवहीतील पानं व मसुद्यांचा इतिहासही जोडला आहे. या कृतींवर तोंडी प्रश्न विचारावेत, ही विनंती.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ज्याने प्रयोग केलाय त्याला ‘हा बफर याच पीएचला का’ हे विचारलं, तर तो पाच मिनिटं बोलतो. समितीतल्या कोणालाही तेवढ्यात कळतं.

‘टर्निटिन कंपनी तर चुकीचं प्रमाण 1 टक्क्याहून कमी सांगते’ असं कोणी म्हणालं, तर अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा हिशोब सांगा. त्यांच्याकडे 2022 मध्ये टर्निटिनवर 75,000 पेपर आले होते. 1 टक्का धरला तरी 750 पेपरांवर खोटा ठपका बसला असता. ऑगस्ट 2023 मध्ये त्यांनी ते साधन बंद केलं. शिवाय तो 1 टक्का तपासलेल्या सगळ्या लेखनाची मिळून सरासरी आहे. साचेबद्ध लेखनावर तो किती, हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पाककृती आणि वापराच्या अटी

पाककृतीत साच्याच्या जोडीला दुसरी अडचण असते: मजकूर फार थोडा. ‘पीठ, मीठ आणि यीस्ट एकत्र करा. कोमट पाणी घाला. दहा मिनिटं मळा.’ वाक्यं सारख्याच लांबीची, सगळी आज्ञार्थी, आणि पुढचा शब्द कोणालाही ओळखता येईल असा. टर्निटिन 300 शब्दांपेक्षा कमी गद्यावर निकाल देत नाही, आणि याद्या, मुद्दे, तक्ते हा त्याच्या कामाचा मजकूर नाही असंही सांगतं. म्हणून संपादक पाककृतीचा आकडा दाखवत असेल, तर साहित्य आणि कृती वगळून फक्त सुरुवातीचं टिपण तपासायला सांगा. मोजण्यासारखं गद्य तेवढंच आहे. कृती खरी की बनावट हे पाहायचं असेल, तर ती करून पाहावी. प्रमाण चुकलं असेल तर पीठच सांगेल.

वापराच्या अटींत उलट परिस्थिती असते. मजकूर भरपूर, पण तो हजारो ठिकाणी जसाच्या तसा असल्यामुळे मॉडेलला अक्षरशः पाठ. ‘जसं आहे तसं’ या तत्त्वावर सेवा देणारं कलम, हमी नाकारणारं कलम, ही बदलायची नसतात. अमेरिकेच्या युनिफॉर्म कमर्शियल कोडच्या कलम 2-316 नुसार विक्रीयोग्यतेची गर्भित हमी नाकारताना सहसा ‘मर्चंटेबिलिटी’ हा शब्द यावा लागतो, आणि लेखी असेल तर तो भाग ठळक दिसावा लागतो. मोठ्या अक्षरांतले ते कंटाळवाणे परिच्छेद तिथून आलेत. डिटेक्टरसाठी तो शब्द बदललात, तर तुमच्या ग्राहकाला जी हमी नाकारायची आहे ती कदाचित नाकारली जाणारच नाही.

तेव्हा काम नाकारणाऱ्या ग्राहकाला कलमवार तक्ता द्या. पहिल्या रकान्यात कलम, दुसऱ्यात ते प्रमाणित साच्यातलं आहे की याच व्यवसायासाठी लिहिलेलं, आणि साच्यातलं असेल तर कोणत्या साच्यातलं व कोणत्या तारखेची प्रत. परतावा, तक्रार निवारण, कोणत्या न्यायालयाची हद्द, किती दिवसांची नोटीस, ही कलमं दुसऱ्या गटात पडतात. तुमच्या कामाचा मोबदला त्यांचा आहे, तेव्हा चर्चा त्यांवरच ठेवा.